रस्ता खोदलेला, भाडे मात्र तेवढेच

मुंबईत ऑक्टोबरात पाऊस सरला की रस्त्यांवर पत्रे उभे राहतात. महापालिकेने शेकडो किलोमीटर रस्ते सिमेंट-काँक्रीटचे करायला घेतले आहेत आणि पावसाळ्यात खणता येत नसल्याने सगळी कामे ऑक्टोबर ते मे एवढ्यातच कोंबावी लागतात. 31 मे ही खोदकाम थांबवायची ठरलेली तारीख. एखाद्या रस्त्याची पाळी जानेवारीत आली, तर त्या रस्त्यावरच्या दुकानदाराला पुढचे चार-पाच महिने पत्र्याआडून धंदा करावा लागतो. गिऱ्हाईक तुटते. गाळ्याचे भाडे मात्र पाच तारखेला तेवढेच द्यायचे असते. अशा वेळी गाळेमालकाकडे काही महिन्यांपुरती भाड्यात सूट मागावी का, मागितली तर किती आणि कोणत्या शब्दांत, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

काम एवढे लांबते का, हे आधी कळायला हवे, कारण मालकही पहिल्यांदा हेच विचारतो. डांबरी रस्ता रातोरात होतो, मग याला महिने का? सिमेंटच्या रस्त्यासाठी आधी जुना रस्ता खणून काढतात. मग खालच्या पाण्याच्या, मलनिःसारणाच्या, विजेच्या वाहिन्या हलवायच्या किंवा नव्या टाकायच्या. वेळ सगळ्यात जास्त इथेच जातो, कारण कुठली केबल कुणाची हे पुष्कळदा खणल्यावरच कळते. त्यानंतर खडीचा थर, त्यावर कोरड्या काँक्रीटचा थर आणि शेवटी जाड पक्क्या काँक्रीटचा. या शेवटच्या थराला पाणी मारत ठेवावे लागते आणि त्याची पूर्ण मजबुती सर्वसाधारणपणे 28 दिवसांनी धरतात. म्हणून पत्र्यामागे एकही मजूर दिसत नसला तरी रस्ता बंद असतो. शिवाय वाहतूक अगदीच तोडता येत नाही, त्यामुळे एका वेळी अर्धाच रस्ता घेतात. आपल्या बाजूचा झाला की समोरचा सुरू होतो आणि तोवर वाहने आपल्याच दारातून जात असतात, थांबायला जागा न ठेवता.

आता कायदा. इथे दुकानदाराची पहिली निराशा होते. रस्त्याच्या कामामुळे धंदा बसला म्हणून भाडे कमी करून घेण्याचा हक्क त्याला नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 108 मध्ये एक सवलत आहे. आग, वादळ, पूर, दंगल किंवा तशाच अनावर शक्तीमुळे जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेकरूला भाडेपट्टा संपवता येतो. पत्र्यांमागचा गाळा मात्र जागच्या जागी, धडधाकट उभा असतो. करार कायद्यातले कलम 56, म्हणजे पार पाडणे अशक्य झालेला करार रद्द होण्याचे कलम, प्रत्यक्ष ताबा दिलेल्या भाडेपट्ट्याला लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच सांगून ठेवले आहे. लॉकडाऊनमध्येही चित्र फारसे वेगळे नव्हते. मे 2020 मध्ये दिल्लीच्या खान मार्केटमधल्या एका दुकानाचा भाडेकरू महिन्याला साडेतीन लाखांची रक्कम तहकूब करा म्हणून दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने तहकुबी नाकारली, फक्त भरण्याची मुदत थोडी वाढवून दिली. दुकान पूर्ण बंद असताना ही गत, तर अर्धा रस्ता उघडा असताना काय होईल याचा अंदाज करता येतो. महापालिकेकडून धंद्याच्या तोट्याची भरपाई मिळेल या आशेवर तर कोणी राहूच नये.

मुंबईत बहुतेक नवे गाळे लिव्ह अँड लायसन्सवर दिलेले असतात. तिथे तर भाडेपट्टाही नसतो, केवळ वापराची परवानगी असते, त्यामुळे करारात जे लिहिले असेल तेच चालते. करारात ‘फोर्स मेज्योर’चे कलम असेल तर ते नीट वाचावे. बहुतेक करारांत ते नसते, आणि असले तरी त्यात रस्त्याच्या कामाचा उल्लेख क्वचितच सापडतो. जुन्या पागडीच्या गाळ्यांचा प्रश्न इथे येतच नाही. ज्याचे भाडे महिन्याला काहीशे रुपये आहे, त्याचे दुःख दुसरेच असते.

हक्क नाही म्हणून काहीजण दुसऱ्या टोकाला जातात आणि भाडे द्यायचेच बंद करतात. यापेक्षा वाईट चाल नाही. सलग दोन महिने भाडे थकले तर करार संपेल, असे कलम लिव्ह अँड लायसन्सच्या करारांत नेहमी दिसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असलेल्या जुन्या भाडेकरूला मालकाच्या लेखी नोटिशीनंतर 90 दिवस मिळतात. दावा दाखल झाल्यावरही थकबाकी भरून वाचण्याची एक संधी असते, पण 15 टक्के व्याजासह. लायसन्सवर बसलेल्याला एवढाही आडोसा नसतो. चांगल्या मनाच्या मालकालाही थकबाकीदार झालेला माणूस काही मागायला आला की राग येतो. भाडे वेळेवर येत असतानाच मागणी करावी, याचे कारण एवढे साधे आहे.

उरली ती विनंती. आणि विनंतीच्या बाजूने कायद्यात एक छोटी, फार उपयोगी गोष्ट आहे. 1872 च्या करार कायद्याचे कलम 63 म्हणते की, ज्याला येणे आहे तो ते पूर्ण किंवा अंशतः सोडू शकतो किंवा त्याची मुदत वाढवू शकतो. त्या बदल्यात त्याला काही मिळालेच पाहिजे, अशी अट भारतीय कायद्यात नाही. म्हणजे मालकाने ‘चार महिने एवढे कमी द्या’ असे लिहून दिले, तर ती नुसती मेहेरबानी राहत नाही. पुढे भांडण झाले तर सोडलेली रक्कम परत मागणे त्याला जड जाते. महत्त्वाचा शब्द ‘लिहून’ हा आहे. नोंदणी झालेल्या करारातली अट तोंडी बोलण्याने बदलली, असे न्यायालयात सहसा सिद्ध करता येत नाही.

एक उदाहरण घेऊन हिशोब करू. आकडे मी धरलेले आहेत, पण अशा दुकानांना परके नाहीत. समजा, विलेपार्ल्यात स्टेशनकडून येणाऱ्या एका आतल्या रस्त्यावर फरसाण-मिठाईचे दुकान आहे. भाडे 60 हजार, डिपॉझिट तीन लाख. महिन्याची विक्री सहा लाख आणि त्यातला ढोबळ नफा 30 टक्के, म्हणजे एक लाख 80 हजार. भाडे 60 हजार, तीन कामगारांचे 48 हजार, वीज, गॅस आणि किरकोळ 17 हजार असा एकूण खर्च एक लाख 25 हजार. घरी न्यायला 55 हजार उरतात.

जानेवारी 2025 मध्ये पत्रे लागले आणि विक्री 40 टक्क्यांनी उतरली, असे धरू. विक्री तीन लाख 60 हजार, त्यावरचा नफा एक लाख आठ हजार. वीज-गॅस थोडा वाचला तरी खर्च एक लाख 22 हजारांच्या खाली येत नाही. 55 हजार मिळवणारा माणूस महिन्याला 14 हजार पदरचे घालू लागतो. विक्री 40 टक्क्यांनी घटली तर दुकानदाराची कमाई 40 टक्क्यांनी घटत नाही, ती संपून वर खड्डा पडतो. मालकाला हे कळावे म्हणून विक्रीचा नुसता आकडा पुरत नाही, हा छोटा ताळेबंद दाखवावा लागतो. आपला धंदा मालकाला दाखवायला दुकानदार कचरतात, कारण बरे दिवस आले की तो भाडे वाढवेल ही भीती असते. ती खोटी नाही. पण पाच ओळींचा ताळेबंद न दाखवता सूट मागणे म्हणजे केवळ त्याच्या स्वभावावर विसंबणे.

आता पुराव्याकडे. घट रस्त्यामुळे झाली हे दाखवायचे असेल, तर दोन आकडे वेगळे काढावेत: रोजची बिले किती आणि सरासरी बिल किती रुपयांचे. आपल्या उदाहरणात आधी दिवसाला 260 बिले होत होती, आता 155 होतात. सरासरी बिल मात्र 77 रुपयांचेच आहे. याचा अर्थ जे पोहोचतात ते पूर्वीसारखेच घेतात, पण पोहोचणारेच कमी झाले. हे रस्त्याचे लक्षण आहे. उलट बिलांची संख्या टिकून सरासरी खाली आली असती, तर दर, दर्जा किंवा शेजारी उघडलेले नवे दुकान, असे दुसरेच कारण शोधावे लागले असते. दुसरी खूण वेळेची. यूपीआयच्या व्यवहारांवर तासाची नोंद असते. घट संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत, म्हणजे स्टेशनवरून घरी परतणाऱ्या लोकांत जास्त दिसली आणि ती पत्रे लागल्याच्याच आठवड्यात सुरू झाली, तर युक्तिवादाला फारसे काही उरत नाही. घसरण आदल्या दिवाळीपासूनच चालू असेल, तर मात्र प्रामाणिकपणे मान्य करावे की रस्त्याने फक्त भर घातली.

तुलना कशाशी करायची, यात एक आपल्याकडची गफलत आहे. मागच्या वर्षीचा तोच महिना घ्या, असे हिशोबनीस सांगतो. फरसाण-मिठाईच्या दुकानाला हे फसवे ठरते, कारण सण तिथीने येतात. 2024 मध्ये गुढीपाडवा 9 एप्रिलला होता, 2025 मध्ये 30 मार्चला. श्रीखंडाची सगळी विक्री त्यामुळे एका महिन्यातून दुसऱ्यात गेली. मार्चची तुलना मार्चशी केली तर रस्ता बंद असूनही धंदा बरा दिसेल आणि एप्रिलची एप्रिलशी केली तर आहे त्याहून भयानक. म्हणून मार्च आणि एप्रिल एकत्र करून मागच्या वर्षीच्या त्याच दोन महिन्यांशी ताडावे. आणि दिवाळीचा महिना पाया धरून जानेवारीची घट तर दाखवूच नये. मालकाला व्यवहारातले काहीच कळत नाही असे समजणारे भाडेकरू नेमके इथेच पकडले जातात.

मागण्याआधी स्वतः काय केले, हेही मालक विचारेल. दारापर्यंत माणसाला चालत येता येते का? बऱ्याचदा खड्ड्यावर मजबूत फळ्या आणि कठडा टाकून चार फुटांची वाट करून द्यायला ठेकेदार तयार होतो, पण कोणीतरी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा लागतो. शेजारच्या दहा दुकानदारांनी एकत्र दिला तर लवकर हलते. ‘दुकान चालू आहे’ असा फलक पत्र्याच्या तोंडाशी लावावा. घरपोच सेवा वाढवावी. या अर्जाची पोच, तारखांसह काढलेले फोटो आणि कामाच्या जागी लावलेल्या फलकाचा फोटो जपून ठेवावा. त्या फलकावर कामाचे नाव, ठेकेदार आणि मुदत असते. ती मुदत पाळली जाईल याचा भरवसा नाही, पण मालकासमोर ठेवायला एक अधिकृत तारीख मिळते.

सूट आणि मुदतवाढ यांतला फरक पुष्कळ जण गाळतात. माझ्या मते अशा बोलण्यांत सगळ्यात मोठी चूक तीच होते. मालकाला नेहमी सोपे वाटते ते ‘आत्ता कमी द्या, बाकीचे नंतर फेडा’. फर्निचरच्या किंवा फ्रिज-टीव्हीच्या दुकानाला हे चालू शकते, कारण कपाट घ्यायचे ठरवलेला माणूस दोन महिने थांबतो आणि रस्ता झाल्यावर येतो. त्याची खरेदी पुढे गेलेली असते. पण आज न खाल्लेला समोसा जूनमध्ये कोणी जास्तीचा खात नाही. फरसाणवाला, चहावाला, सलून, झेरॉक्सवाला यांची विक्री पुढे जात नाही, ती जाते ती जातेच. अशा दुकानाने सगळी रक्कम पुढे ढकलून घेतली, तर रस्ता उघडल्यावर नेहमीच्या धंद्यातून नेहमीचे भाडे अधिक थकबाकी असा दुहेरी भार येतो आणि पुष्कळदा दुकान काम चालू असताना नव्हे, तर काम संपल्यावर बंद पडते. त्यांनी मोठा हिस्सा माफीचा मागावा आणि छोटा मुदतीचा.

डिपॉझिटमधून भाडे वळते करून घ्या, असा तिसरा पर्यायही पुढे येतो. दुकानदाराला तो गोड वाटतो, पण ती सूट नव्हेच. स्वतःचेच पैसे तो आधी उचलतो. मालकाची सुरक्षितता तेवढी घटते आणि पुढे डिपॉझिट पुन्हा भरून द्यावे लागते. अगदीच अडले तर एका महिन्यापुरते चालेल.

आपला फरसाणवाला 24 हजारांची सवलत मागतो, म्हणजे 60 ऐवजी 36 हजार. त्यातले 16 हजार माफ, आठ हजार पुढे ढकललेले. फेब्रुवारी ते मे असे चार महिने. माफीची बेरीज 64 हजार होते, ढकललेली रक्कम 32 हजार, जी तो ऑक्टोबरपासून चार हजारांच्या आठ हप्त्यांत फेडेल. या सवलतीनेही त्याच्या हाती महिन्याला जेमतेम दहा हजार उरतात. तो नफ्यासाठी नव्हे, दुकान उघडे ठेवण्यासाठी मागतो आहे, हे आकड्यांतूनच दिसते.

आता मालकाच्या खुर्चीत बसून पाहू. त्याचे 64 हजार जातात, महिन्याच्या भाड्याहून थोडे जास्त. नकार दिला आणि भाडेकरू निघाला तर? खणलेल्या रस्त्यावरचा गाळा बघायला दलाल गिऱ्हाईक आणत नाही. चार महिने रिकामा राहिला तर दोन लाख 40 हजार बुडाले, नवा भाडेकरू मिळताना एक महिन्याची दलाली म्हणजे 60 हजार गेली, सोसायटीचा मेंटेनन्स खिशातून भरला आणि तीन लाखांचे डिपॉझिट एकरकमी परत करावे लागले. हा हिशोब धमकी वाटू नये अशा रीतीने मांडणे, हे खरे कौशल्य. काही मालकांच्या बाबतीत तो लागूही पडत नाही. पार्ल्यासारख्या भागात गाळ्याच्या भाड्यावरच घर चालवणारी वृद्ध जोडपी असतात, कोणाचा कर्जाचा हप्ता त्याच भाड्यातून जात असतो. त्यांना माफी परवडत नसेल, तर भाडे दोन हप्त्यांत, पाच आणि वीस तारखेला, एवढे जरी मिळाले तरी दुकानदाराला पुरवठादाराशी बोलायला वाव मिळतो.

मालकाच्या मनातली खरी भीती पैशांपेक्षा वेगळी असते. एकदा कमी केलेले भाडे पुन्हा वर चढेल का? म्हणून विनंतीतच तिचा शेवट लिहून द्यावा. आधी प्रत्यक्ष भेटून बोलावे, ‘काका, पत्र आणले आहे, वाचून सावकाश सांगा’ एवढेच म्हणून कागद ठेवावा. कागदाचा मजकूर साधारण असा असावा:

‘मा. महोदय, आपल्या गाळ्यात मी गेली चार वर्षे दुकान चालवत असून आजपर्यंतचे भाडे वेळेवर दिले आहे. जानेवारीपासून समोरच्या रस्त्याचे काँक्रिटीकरण सुरू आहे. त्यामुळे रोजच्या बिलांची संख्या 260 वरून 155 वर आली आहे, तपशील सोबत जोडला आहे. फेब्रुवारी ते मे 2025 या चार महिन्यांसाठी दरमहा 60,000 ऐवजी 36,000 रुपये भाडे स्वीकारावे, अशी विनंती आहे. उरलेल्या 24,000 पैकी 16,000 माफ करावेत आणि 8,000 मी ऑक्टोबरपासून आठ हप्त्यांत फेडीन. रस्ता वाहनांसाठी पूर्ण खुला झाल्यास ही सवलत त्या महिन्याअखेर, अन्यथा 31 मे रोजी आपोआप संपेल. मूळ भाडे, वार्षिक वाढ, डिपॉझिट व करारातील इतर सर्व अटी पूर्वीप्रमाणेच राहतील आणि वार्षिक वाढ 60,000 रुपयांवरच मोजली जाईल.’

शेवटचे वाक्य भाडेकरूला तोट्याचे वाटते, पण होकार बहुधा त्यामुळेच येतो. सवलत विक्रीच्या आकड्याशी न जोडता रस्त्याच्या अवस्थेशी आणि तारखेशी जोडली आहे, तेही मुद्दाम. विक्रीशी जोडली तर दर महिन्याला मालकापुढे गल्ला मांडत बसावे लागेल. रस्ता उघडला की नाही हे मात्र तो स्वतः येऊन पाहू शकतो.

होकार मिळाला की त्याच कागदावर मालकाची ‘मान्य’ म्हणून तारखेसह सही घ्यावी. व्हॉट्सॲपवरचा होकार काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सहीचा कागद वेगळाच. त्यात आणखी एक ओळ हवी: कमी दिलेले भाडे थकबाकी धरले जाणार नाही. ती नसेल तर पुढे संबंध बिघडल्यावर तेच चार महिने थकीत म्हणून दाखवले जाऊ शकतात. मालक जीएसटीत नोंदलेला असेल, तर बोलणे त्याने महिन्याचे बिल काढण्याआधी पुरे करावे. 60 हजारांचे बिल आधीच निघाले तर त्यावरचा 18 टक्के कर, 10 हजार 800 रुपये, देय होऊन बसतो आणि तो कमी करायला क्रेडिट नोट काढावी लागते. ढकललेल्या आठ हजारांची देय तारीखच कागदात पुढची लिहावी, म्हणजे कराचा पेच राहत नाही.

हे सगळे चार-सहा महिन्यांच्या कामाला लागू आहे. गिरगाव-काळबादेवीत भुयारी मेट्रोच्या कामामुळे दुकानदारांनी वर्षानुवर्षे पत्र्यांमागे काढली. ती मेट्रो तिथवर धावू लागली ऑक्टोबर 2025 मध्ये. एवढ्या लांबच्या कामात तात्पुरत्या सुटीचे पत्र दर चार महिन्यांनी मागत राहण्यात अर्थ नसतो. तिथे काम पुरे होईपर्यंतचे कमी भाडे ठरवणारा नवा करारच नोंदवून घ्यावा किंवा लॉक-इनची मुदत संपताच जागा बदलावी.

छोट्या कामातही एक अडचण राहते. 31 मे येतो, आपल्या बाजूचा रस्ता होतो, पण समोरचा राहिलेला असतो आणि त्यावर पावसाळ्यापुरती मलमपट्टी केली जाते. सवलत संपलेली असते, गिऱ्हाईक मात्र परतलेले नसते, कारण पाच महिन्यांत लोकांनी दुसरी वाट आणि दुसरा फरसाणवाला धरलेला असतो. म्हणून मूळ पत्र देतानाच जूनची सोय बोलून ठेवावी. पूर्ण भाड्यावर एकदम न जाता जून महिन्यापुरते 50 हजार आणि जुलैपासून पूर्ण 60 हजार. मालकाला हे आणखी दहा हजारांना पडते. ऑक्टोबरात पाऊस थांबून समोरच्या बाजूला पत्रे लागले, तर नव्या आकड्यांसह नवे पत्र द्यावे. जुन्यावर ‘पुढे चालू’ लिहून घेऊ नये, कारण तेव्हा मागची तुलना दिवाळीच्या महिन्याशी होणार असते.